उपोषण नक्की कोणाविरुद्ध?

परवा तहसील कचेरीसमोर पुन्हा मांडव पडला. शेतरस्त्याचा वाद, सख्खे चुलतभाऊ, आणि त्यातला एक आमरण उपोषणाला बसलेला. मागे बॅनरवर गांधीजींचा फोटो. मी बातमीसाठी गेलो तर म्हणाला, "साहेब, आपलं सगळं अहिंसेनं चाललंय." शेजारी बसलेला त्याचा मेहुणा त्याच वेळी फोनवर समोरच्या पार्टीला शिव्या घालत होता.

घरी येताना मला १९१८ सालचं अहमदाबाद आठवलं. तो वादही घरातलाच होता. गिरणीमालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि मजुरांची बाजू घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिलेली त्यांचीच सख्खी बहीण अनसूया. आधीच्या वर्षी प्लेगची साथ आली, तेव्हा मजूर गावाकडे पळू नयेत म्हणून मालकांनी भरघोस बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद करायचं ठरलं. पण महागाई काही ओसरली नव्हती. विणकरांनी बोनसच्या बदल्यात पन्नास टक्के पगारवाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडले, आणि २२ फेब्रुवारीला गिरण्यांना टाळं लागलं.

इथे गांधीजींनी पहिलं काम काय केलं असेल तर आपल्याच बाजूची मागणी तपासली. मुंबईतले पगार, अहमदाबादचा घरखर्च, गिरण्यांची परिस्थिती पाहून आकडा काढला पस्तीस टक्के. मजुरांना तो पटवला. आपल्याकडे वादात मागणी आधी फुगवायची आणि मग 'तडजोड' म्हणून खाली यायचं, हा रिवाज आहे. त्यांना तो खोटेपणाच वाटला असता. मग मजुरांनी शपथ घेतली : पस्तीस टक्के मिळेपर्यंत कामावर जाणार नाही; आणि टाळेबंदी असेपर्यंत दंगा नाही, मारामारी नाही, मालकाच्या मालमत्तेला हात नाही, शिवीगाळ नाही. शिवीगाळ हा शब्द त्यात मुद्दाम घातलेला होता. साबरमतीच्या काठी बाभळीखाली रोज सभा व्हायची, रोज पत्रक निघायचं. आणि याच दिवसांत अंबालाल आश्रमात जेवायला यायचे, वाढायला अनसूयाबेन. वाद पगाराचा होता, ताटाचा नव्हता.

१२ मार्चला मालकांनी गिरण्या उघडल्या : वीस टक्के मान्य असेल त्यांनी या. मजुरांच्या घरी चूल पेटेना. काही फुटायला लागले. चाळीत कोणीतरी सुनावलं की गांधीजी आणि अनसूयाबेनना काय, ते मोटारीतून येतात, पोटभर जेवतात, मरण आमचं. गांधीजींना ते लागलं. १५ मार्चच्या सभेत त्यांनी जाहीर केलं, तोडगा निघेपर्यंत मी जेवणार नाही. हे उपोषण मालकांविरुद्ध नव्हतं, डळमळलेल्या मजुरांना शपथेवर टिकवण्यासाठी होतं. मालकांना त्यांनी सांगितलंही, माझ्यामुळे तुमचा निर्णय बदलू नका.

पण असं सांगून काय होतं? अंबालाल त्यांना मानत होते. असा माणूस दारात उपाशी बसल्यावर कोण हिशेब करत बसेल! तीन दिवसांत, १८ मार्चला, समेट झाला. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे मजुरांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस, बरोबर मधला आकडा. लवाद म्हणून आनंदशंकर ध्रुव नेमले गेले आणि काही महिन्यांनी त्यांनी पस्तीसच टक्के दिले. आधी तपासून काढलेला आकडा शेवटी टिकला.

तरी हा विजय गांधीजींना निर्भेळ वाटला नाही. आत्मकथेत त्यांनी कबूल केलंय की या उपोषणात मोठा दोष होता. मालकांशी आपले जवळचे संबंध, त्यामुळे त्यांच्यावर दडपण आलंच, आणि दडपणाखाली दिलेला होकार हा पटून दिलेला होकार नसतो. माझ्या मते त्या सबंध लढ्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि आपण नेमकं तेच विसरलो. हात उगारला नाही म्हणजे झाली अहिंसा, एवढीच आपली व्याख्या उरली. 'माझ्या जिवाचं बरं-वाईट झालं तर जबाबदार तुम्ही' असं निवेदनात लिहून देणारा माणूस समोरच्याला पटवत नसतो. बायकोशी भांडून आठ दिवस अबोला धरणारा, जेवणाचं ताट सरकवणारासुद्धा. (यात मीही आलो. घरचे ही पोस्ट वाचतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मांडवात गेलो. त्या भावाला विचारलं, रस्ता किती फूट पाहिजे? म्हणाला, बारा. अर्जात किती लिहिलाय? वीस. चुलतभावाला बारा कधी बोललास का? तो गप्प बसला. मग म्हणाला, "चार वर्षं झाली, आमचं बोलणंच नाही."