एकेक अक्षर आणि उडता आकडा : फॅमिकॉमच्या पडद्यावरचा हिशोब

गेममधल्या दोन गोष्टी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पात्र बोलू लागलं की चौकटीत एकेक अक्षर टकटक उमटतं, आणि शत्रूला घाव बसला की त्याच्या अंगावरून एक आकडा उडी मारून वर येतो. आज या दोन्ही गोष्टींचा जमाखर्च मांडायचा आहे. त्यासाठी एकच यंत्र घेऊ : निन्टेंडोचं फॅमिकॉम, जपानमध्ये 1983 साली आलेलं.

या यंत्राचा पडदा 256 बाय 240 ठिपक्यांचा. मात्र प्रत्येक ठिपका वेगळा रंगवण्याची सोय त्यात नव्हती. पार्श्वभूमी म्हणजे 8 बाय 8 ठिपक्यांच्या फरश्या, म्हणजे टाइल. आडव्या 32, उभ्या 30. अक्षर ही सुद्धा एक टाइलच. या फरशीवरून हलणारी चित्रं वेगळी, त्यांना स्प्राइट म्हणतात. ती एकूण 64. आजची आपली सगळी गोष्ट या दोन थरांमधली आहे.

आधी अक्षरं पाहू. पडदा रंगत असताना पार्श्वभूमीला हात लावायचा नाही, लावला तर चित्र विस्कटतं. सेकंदाला 60 वेळा, एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधी, थोडी उसंत मिळते. ती किती? प्रोसेसरची सुमारे 2273 चक्रं. त्यातली 513 स्प्राइटांची यादी पोचवण्यात जातात. उरली साधारण 1760. साध्या लूपमध्ये एक टाइल लिहायला 13 चक्रं धरली, तर फार तर 135 टाइल झाल्या. आता 22 अक्षरं रुंद आणि 8 ओळी उंच चौकट घ्या. तिच्यात 176 टाइल होतात. म्हणजे अख्खी चौकट एका उसंतीत भरत नाही. एक अक्षर लिहायचं असेल, तर मात्र खर्च नगण्य.

म्हणून टाइपरायटरसारखा मजकूर केवळ यंत्राच्या लाचारीतून आला, असं म्हणायचं का? नाही. चौकट ओळीओळीनं भरता आलीच असती. एकेक अक्षर ही निवड होती, आणि यंत्राला ती स्वस्तात परवडत होती, एवढंच आपण म्हणू. 1986 साली एनिक्सनं आणलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये अक्षरं अशीच, बारीक आवाज करत उमटतात. 1989 साली हाच गेम 'ड्रॅगन वॉरियर' नावानं अमेरिकेत गेला, तेव्हा त्यात मजकुराचा वेग निवडायची सोय होती : जलद, मध्यम, सावकाश. वाचणाऱ्याचा वेग यंत्रानं ठरवू नये, ही समज तिथे दिसते.

जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये आणखी एक मौज आहे. जपानी लिपीत 'क'चा 'ग' करायला अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा देतात. अशा प्रत्येक अक्षराची वेगळी टाइल ठेवायची तर जागा लागते. म्हणून त्या रेघांचीच एक टाइल केली आणि ती अक्षराच्या वरच्या ओळीत बसवली. म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर एक, पण यंत्राच्या लेखी तुकडे दोन. हे लक्षात ठेवा. शेवटी आपल्या लिपीकडे येताना लागेल.

आता आकडे. सुरुवातीच्या 'फायनल फँटसी' गेममध्ये, किती घाव बसला ते चौकटीतल्या मजकुरात कळायचं. 1990 साली स्क्वेअरच्या 'फायनल फँटसी 3'नं ते बहुतेक निवेदन काढून टाकलं आणि आकडा थेट ज्याला लागलं त्याच्या अंगावर दाखवला. लढाईचा वेग वाढला, आणि नजर चौकटीकडे वळवायची गरज उरली नाही.

असा आकडा काढायचा कुठल्या थरात? पार्श्वभूमीत काढला तर तो 8-8 ठिपक्यांच्या धक्क्यानंच सरकेल, आणि खाली झाकलेल्या टाइल पुन्हा जागेवर ठेवाव्या लागतील. स्प्राइटनं काढला तर एका अंकाला एक स्प्राइट पुरतो. चार अंकी आकडा हलवायचा म्हणजे यादीतले चार बाइट बदलायचे. ती यादी दर चित्राला पोचवली जातेच, त्यामुळे वेगळा खर्च जवळपास शून्य.

पण अंक सुटे करायचे कसे? या प्रोसेसरमध्ये भागाकार नाही. मग वजाबाकी. समजा घाव 1204. हजार एकदा वजा झाले, उरले 204. शंभर दोनदा, उरले 4. दहा एकदाही नाही. अंक मिळाले 1, 2, 0, 4. 9999 आला तरी 27 वजाबाक्यांत काम होतं, आणि तेही घाव बसल्यावर एकदाच. इथे एक खास चूक होते. 36 हा आकडा 0036 दिसू नये म्हणून शून्यं लपवतात. सगळीच लपवली तर 1204चा '12 4' होतो. पहिला खरा अंक येईपर्यंतचीच शून्यं लपवायची.

दुसरी अडचण मोठी. एका आडव्या रेषेवर आठच स्प्राइट दिसतात, नववा गायब. दोन चार-अंकी आकडे शेजारी आले की आठ भरले. तिसरा दिसणारच नाही. यावर नेहमीचा उपाय म्हणजे यादीचा क्रम दर चित्राला फिरवायचा, म्हणजे सगळेच आळीपाळीनं लुकलुकतात. गोळी लुकलुकली तर चालतं. आकड्यातला एक अंक लुकलुकला तर 1204 क्षणभर 120 वाचला जातो. आता 'फायनल फँटसी'ची लढाई आठवा : चार वीर उजवीकडे एकाखाली एक. वीर दोन स्प्राइट रुंद, त्याचा आकडा चार. एका रेषेवर सहा. मर्यादेत बसलं. आकडे एकाखाली एक असले की ते वाचता येतात आणि यंत्रालाही झेपतात.

आज ही मर्यादा नाही, पण हिशोब तोच. दर घावाला मजकुराची नवी वस्तू तयार करून टाकून देणारा गेम मोठ्या लढाईत अडखळतो. दहा अंकांची चित्रं एकदाच करून ठेवायची, आणि ठरावीक संख्येचे आकडे पुन्हा पुन्हा वापरायचे. आकडा उडी मारतानाच विरू लागला तर वाचता येत नाही. आधी उडी, मग थोडा थांबा, मग नाहीसा.

आणि आपली मराठी? 'किल्ला' हा शब्द घ्या. युनिकोडच्या लेखी त्यात सहा तुकडे आहेत : क, ि, ल, ्, ल, ा. एकेक तुकडा दाखवत गेलं तर आधी 'क' दिसतो, मग वेलांटी त्याच्या आधी घुसून त्याला उजवीकडे ढकलते. पुढे पाय मोडलेला 'ल्' क्षणभर उभा राहतो. वाचणारा ठेचकाळतो. आपल्याला हवीत दोन पावलं : कि, ल्ला. अक्षरसमूह तोडण्याच्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांतही देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद 2023च्या 15.1 आवृत्तीत आली. त्याआधीच्या नियमांनी 'ल्' आणि 'ला' वेगळे पडतात. तेव्हा जुनी लायब्ररी वापरत असाल तर 'किल्ला' टाकून पाहा. तीन पावलं पडली की समजायचं, नियम जुने आहेत.

त्याबरोबर एक काळजी घ्यायची. संपूर्ण वाक्याची मांडणी आधी करायची आणि मग ते समूहासमूहानं उघडायचं. मजकूर जसजसा वाढेल तशी मांडणी केली, तर ओळीच्या शेवटी सुरू झालेला लांब शब्द मधूनच खालच्या ओळीत उडी मारतो. फॅमिकॉमवर प्रत्येक अक्षराची फरशी आधीच ठरलेली असायची, एकदा उमटलेलं अक्षर हलत नसे. आपल्यालाही तेवढंच साधायचं आहे.