समभागांची पुनर्खरेदी

* पुनर्खरेदी, म्हणजेच बायबॅक, याचा अर्थ कंपनीने स्वतःचेच समभाग भागधारकांकडून रोखीने विकत घेऊन ते रद्द करणे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१७ मध्ये प्रत्येकी २,८५० रुपये दराने सुमारे ५.६१ कोटी समभाग असे परत घेतले, तेव्हा एकूण समभागांची संख्या १९७ कोटींवरून सुमारे १९१.४ कोटींवर आली. ज्याने एकही समभाग विकला नाही, त्याचा हिस्सा एक पैसाही न घालता, समजा १ टक्का असेल तर, सुमारे १.०३ टक्के झाला. ज्याने सर्वांच्या सरासरी प्रमाणात विकले, त्याचा हिस्सा होता तेवढाच राहिला आणि रोख रक्कम मात्र हाती आली.

प्रतिसमभाग उत्पन्न म्हणजे निव्वळ नफा भागिले समभागांची संख्या. टाटा कन्सल्टन्सीचा या पुनर्खरेदीआधीच्या वर्षाचा सुमारे २६,३०० कोटींचा नफा तसाच धरला, तर हे उत्पन्न १३३ रुपयांवरून १३७ रुपयांवर गेलेले दिसते. पण हा हिशेब अर्धवट आहे, कारण खर्च झालेल्या १६,००० कोटींवर करोत्तर ५ टक्के व्याज मिळत होते असे मानल्यास नफाही ८०० कोटींनी घटतो आणि आकडा पुन्हा १३३ च्याच आसपास येतो. खरी वाढ होण्यासाठी त्या रोख रकमेवरील करोत्तर परतावा प्रतिसमभाग उत्पन्न आणि खरेदीदर यांच्या गुणोत्तरापेक्षा, येथे सुमारे ४.७ टक्क्यांपेक्षा, कमी असावा लागतो. कंपन्यांच्या निवेदनांत ही अट सहसा अनुच्चारितच राहते.