रंजकहीनता व रंगीत भिंगे
रंजकहीनतेत मेलॅनीन हे रंगद्रव्य कमी असते किंवा नसते. डोळ्यातील परितारिका प्रकाश नीट अडवू शकत नाही. त्यामुळे प्रकाश बाहुलीबरोबरच परितारिकेतूनही आत शिरतो, आतल्या आत विखुरतो आणि डोळे दिपतात. फार फिकट डोळ्यांच्या निरोगी व्यक्तींनाही हा त्रास काहीसा होतो, पण त्यांची दृष्टी शाबूत असते. रंजकहीनतेत दृष्टिपटलाचा मध्यबिंदू पुरता विकसित झालेला नसतो आणि डोळे आपोआप हलत राहतात. म्हणून नंबरचा चष्मा आवश्यक असला तरी दृष्टी पूर्ण सुधारत नाही.

रंगीत भिंग दिपणे कमी करते, अक्षरे मोठी करत नाही. काच जितकी काळी तितकी चांगली, हा समज चुकीचा आहे. उन्हाच्या गडद काचेतून साधारण 8 ते 18 टक्के प्रकाश पार होतो. तीच काच लावून वर्गात बसलेल्या मुलाला फळ्यावरची अक्षरे अंधुक दिसतात. त्याला घरात फिकट व बाहेर गडद असे दोन चष्मे लागतात. उन्हात आपोआप गडद होणारी भिंगे सावलीत उजळायला काही मिनिटे घेतात आणि गाडीच्या काचेमागे पुरेशी गडद होत नाहीत. अतिनील किरणांपासूनचे संरक्षण भिंगाच्या रंगावर अवलंबून नसते. ते वेगळे तपासावे लागते.

बाजूने व वरून येणारा प्रकाश भिंग अडवत नाही. त्यासाठी रुंद काडीची चौकट आणि पुढे झडप असलेली टोपी लागते. वर्गात अशा मुलाला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे.