दोरा आणि प्रमाणपट्टी

नकाशावरील वाकड्यातिकड्या नदीवर दोरा अंथरावा, तो सरळ करून कोपऱ्यातील प्रमाणपट्टीला लावावा आणि लांबी वाचावी, ही युक्ती इतकी सोपी आहे की तिच्या जनकाचे नाव कोणत्याही दप्तरात शोधण्याचे प्रयोजन भासत नाही. तथापि दोरा जरी पुरातन असला, तरी त्याला या कामास जुंपण्यापूर्वी नकाशाची स्वतःची एक सिद्धता व्हावी लागली होती. रोमन साम्राज्यातील मार्गांचा जो लांबट पट प्यूटिंगरचे कोष्टक या नावाने मध्ययुगीन नकलेच्या रूपाने आपल्यापर्यंत आला आहे, तो सुमारे पावणेसात मीटर लांब आणि जेमतेम दीड वीत उंच आहे. त्यात भूमध्य समुद्र एखाद्या ओहोळासारखा चेपला गेला आहे, आणि म्हणूनच गावागावांतील अंतरे तेथे आकड्यांनी लिहून ठेवावी लागली. अशा पटावर दोरा अंथरणे म्हणजे जाणूनबुजून खोटा हिशोब मांडणे होय.

दोऱ्याचे खरे कुळ सुरू होते ते भूमध्य समुद्रातील नाविकांच्या किनारेदर्शक नकाशांपासून. तेराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या, पिसा नगराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नकाशात प्रमाणपट्टी आहे. अंतर लिहून ठेवण्याऐवजी ते मोजून घेण्याचे साधन त्याच चर्मपत्रावर वाचकाच्या हाती दिले गेले. पुढे हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याचे एक इंचास एक मैल या प्रमाणाचे नकाशे आले, तेव्हा तर दोऱ्याचे इंच हेच नदीचे मैल झाले आणि गुणाकाराचाही त्रास उरला नाही.

कृती सोपी असली तरी तिच्यात कसूर सहज शिरते. लोकरीचा अथवा पिळाचा सैल दोरा ताणला की वाढतो. म्हणून मेण लावलेला बारीक सुती दोरा घ्यावा, त्याच्या एका टोकाशी खूण करावी, ओलसर बोटाने तो नदीच्या मध्यरेषेवर हळूहळू बसवीत जावा, आणि तीव्र वळणावर टाचणी रोवून त्याला कोपरा कापू देऊ नये. सरळ करताना त्यास ओढ द्यावयाची नाही, केवळ त्याचे वाकडेपण काढावयाचे. कोपरे कापल्याने लांबी घटते, ओढ दिल्याने वाढते; हे दोन दोष एकमेकांना फेडतील अशी आशा न धरता मुखाकडून उगमाकडे पुन्हा एकदा मोजावे, आणि दोन मापांत लक्षणीय तफावत दिसली तर दोष हाताचा आहे असे समजावे. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर दोरा 23.4 सेंटिमीटर भरला, तर नदी 11.7 किलोमीटर झाली. त्यात दोन टक्के ओढ शिरली असेल, तर सुमारे 230 मीटर नदी आपण पदरची घातली.

यात एक बारकावा आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोरा फूटपट्टीला न लावता नकाशावर छापलेल्या प्रमाणपट्टीलाच लावावा. कागद हवेतील ओलाव्याने फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो, नकलेत लहानमोठा होतो. अंकांत लिहिलेल्या प्रमाणाला याचा पत्ता नसतो, परंतु छापील पट्टी नकाशाबरोबरच फुगते आणि आक्रसते. एकोणिसाव्या शतकात दोऱ्याची जागा घेणारे जे लहान चाक निघाले, त्याच्या जुन्या घडणीने हाच गुण जपला: आट्यांच्या दांड्यावर बसविलेले ते चाक मार्गावरून फिरवीत नेत, आणि मग प्रमाणपट्टीवर उलटे फिरवून ते मूळ जागी येईपर्यंत किती अंतर झाले ते वाचीत. तबकडीवर काटा फिरवून आकडा दाखविणारी चाके नंतर आली. त्यांत सोय आहे, पण कागदाच्या आक्रसण्याची दखल नाही.

घाटाच्या चढाची चिंता मात्र अनेकजण अकारण करतात. दहास एक इतक्या चढावर खरी लांबी नकाशावरच्या लांबीहून अर्ध्या टक्क्यानेच अधिक असते. खरा घाटा होतो तो नकाशा काढणाऱ्याने सरळ करून टाकलेल्या वळणांत, कारण जे वळण कागदावर नाही त्यात दोरा शिरणार कसा? लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञास स्पेन-पोर्तुगाल सरहद्दीची लांबी एके ठिकाणी 987, तर दुसरीकडे 1214 किलोमीटर दिलेली आढळली. मापनाचा टप्पा जितका लहान, तितकी सरहद्द लांब, हा नियम त्याने दाखवून दिला, आणि ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर 1961 साली प्रसिद्ध झाले.

आपल्या किनाऱ्याची हकीकतही तीच आहे. भारताचा किनारा पूर्वी 7,516.6 किलोमीटर गणला जाई. ते माप पंचेचाळीस लाखांस एक या प्रमाणावरील होते, ज्यात अर्ध्या मिलिमीटर जाडीचा दोरा सव्वादोन किलोमीटर रुंदीची भूमी झाकतो आणि कोकणातील कित्येक खाड्यांची मुखे त्याखाली सहज लोपतात. अलीकडे अडीच लाखांस एक या प्रमाणावर मोजल्यावर तोच किनारा 11,098.81 किलोमीटर भरला, आणि महाराष्ट्राचा वाटा 652.6 वरून 877.97 किलोमीटरवर गेला.