पेटीचा एक फोटो : कॅसेट, तबकडी, फ्लॉपी ओळखायची कशी?

१/
दिवाळीपूर्वी साकोलीहून मामेभावाने एक फोटो पाठवला. आजोळच्या माडीवर सापडलेली पत्र्याची पेटी, उघडी, अगदी वरून टिपलेली. सोबत एकच ओळ होती : “ताई, मंडईच्या आधी घर रंगवायचं आहे. यातलं काय ठेवू आणि काय भंगारात देऊ?” मी तेव्हा नागपुरात होते आणि भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. म्हणजे निर्णय वस्तूंवरून नव्हे, केवळ फोटोवरून घ्यायचा होता. तो कसा घेतला, ते या धाग्यात क्रमाने सांगते. पेटी कोणाच्याही घरची असली तरी रीत हीच राहील.

२/
पेटीच्या तळाशी पाच वस्तू सपाट पडलेल्या होत्या : एक काळी तबकडी, एक गाण्यांची कॅसेट, तशीच दिसणारी एक छोटी कॅसेट, एक मोठी काळी कॅसेट आणि एक चौकोनी चकती. कोपऱ्यात आणखी सात-आठ कॅसेट उभ्या रचलेल्या होत्या. फोटोची पहिली अडचण अशी की त्यात आकार दिसतो, माप दिसत नाही. जवळून टिपलेली लहान वस्तू आणि दुरून टिपलेली मोठी वस्तू सारखीच भासते. मात्र ही माध्यमे यंत्रात बसावीत म्हणून ठरलेल्या मापांतच बनत. त्यामुळे त्यांतील एक वस्तू खात्रीने ओळखता आली की तीच उरलेल्यांची मोजपट्टी होते.

३/
माझी मोजपट्टी गाण्यांची कॅसेट होती. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेला हा नमुना जगभर एकाच मापाचा राहिला : लांबी सुमारे १०० मिलिमीटर, रुंदी ६४, जाडी १२. तिची खूण म्हणजे आरपार असलेली दोन दातेरी छिद्रे. त्यांतून खालची जमीनही दिसते. संगणकावर फोटो मोठा करून मोजले तेव्हा तिची लांबी सुमारे ४०० ठिपके भरली. म्हणजे या फोटोत ४ ठिपके बरोबर १ मिलिमीटर. हा हिशेब त्याच पातळीवर पडलेल्या वस्तूंनाच लागू होतो, हे मात्र विसरू नये. एखादी वस्तू दुसरीच्या वर ठेवलेली असेल तर ती कॅमेऱ्याच्या जवळ येते, मोठी दिसते आणि उत्तर चुकते.

४/
मोठी काळी कॅसेट लांबीला जवळपास ७५० ठिपके आणि रुंदीला ४१० भरली, म्हणजे सुमारे १८७ बाय १०३ मिलिमीटर. हे माप व्हीएचएस या व्हिडिओ कॅसेटचे. जेव्हीसी कंपनीने ती १९७६ मध्ये बाजारात आणली. तिच्या एक वर्ष आधी आलेली सोनीची बीटामॅक्स दिसायला तशीच, पण १५६ बाय ९६ मिलिमीटरची. घरात व्हीएचएसचे यंत्र असेल तर बीटामॅक्स त्यात शिरणारच नाही, म्हणून हा भेद आधीच पाहून ठेवावा. आमच्या कॅसेटवर ‘ई-१८०’ असे छापलेले होते. आपल्याकडच्या दूरचित्रवाणी पद्धतीत त्याचा अर्थ १८० मिनिटांची फीत. भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये आली आणि घरगुती व्हिडिओचा प्रसार मुख्यतः त्यानंतरचा. कॅसेटवर मावशीच्या लग्नाचे नाव होते, आणि तो काळ याच्याशी जुळत होता.

५/
चौकोनी चकती सुमारे ९० बाय ९४ मिलिमीटरची निघाली आणि तिच्या एका कडेला सरकते धातूचे झाकण होते. ही साडेतीन इंची फ्लॉपी. हिच्या कोपऱ्यांकडे नीट पाहावे. झाकणाच्या विरुद्ध कडेला एकच छिद्र असेल तर ती जुनी, कमी क्षमतेची. दोन्ही कोपऱ्यांत छिद्रे असतील तर ती १.४४ मेगाबाइटची, जी १९९० च्या दशकात सर्वत्र वापरात होती. आमच्या फ्लॉपीला दोन छिद्रे होती. १.४४ मेगाबाइट म्हणजे आजच्या फोनमधला एक फोटोही मावणार नाही एवढी जागा. त्यामुळे आत गाणे किंवा चित्रफीत असण्याची शक्यता फार कमी, आणि हिशेब किंवा पत्रे असण्याची जास्त.

६/
तबकडीचा व्यास १,००० ठिपके भरला, म्हणजे २५ सेंटिमीटर, अर्थात दहा इंच. लाँग प्ले तबकडी साधारणतः बारा इंचांची, म्हणजे ३० सेंटिमीटरची असते आणि तीन-चार गाण्यांची छोटी तबकडी सात इंचांची. दहा इंची तबकडी बहुधा मिनिटाला ७८ फेरे घेणारी असते आणि तिच्या एका बाजूला सुमारे तीनच मिनिटे मावतात. शेजारी मोजपट्टी नसेल तर तबकडीच्या मधले छिद्र कामी येते. तिन्ही प्रकारांत ते सहसा सव्वासात मिलिमीटरचे असते. व्यास छिद्राच्या सुमारे ४१ पट असेल तर बारा इंची, ३४ ते ३५ पट असेल तर दहा इंची आणि २४ पट असेल तर सात इंची.

७/
फोटोत आणखी एक पुरावा होता : तबकडीच्या कडेचा एक टवका उडालेला. व्हिनाइल वाकते, त्यावर ओरखडे पडतात, पण असा टवका सहसा उडत नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांत लाख असे, म्हणजे पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी तीच लाख. लाखेची तबकडी पडली की काचेसारखी फुटते. इथे कालनिर्णयाची चूक हमखास होते. अशी तबकडी दिसली की लोक तिला स्वातंत्र्यपूर्व ठरवून मोकळे होतात. परंतु पश्चिमेत १९६० च्या सुमारास बंद पडलेल्या या तबकड्या भारतात त्यानंतरही काही वर्षे निघत राहिल्या. त्यामुळे साहित्यावरून काळाची केवळ अंदाजी मर्यादा मिळते. नेमके वर्ष हवे असेल तर गाण्याचे आणि कलावंताचे नाव वाचावे लागते.

८/
आता त्या छोट्या कॅसेटकडे वळू. भावाने ती गाण्यांची समजून टेपरेकॉर्डरमध्ये घालून पाहिली होती. ती बसली नाही, म्हणून “खराब आहे” असे त्याने ठरवले होते. मोजमापाने इथे दगा दिला. ती सुमारे ९५ बाय ६२ मिलिमीटर भरत होती आणि गाण्यांची कॅसेट १०० बाय ६४. एवढा फरक फोटोतल्या किंचित तिरकेपणानेही पडू शकतो. तेव्हा माप सोडून रचना पाहिली. आरपार छिद्रे नव्हती, आणि जिथे फीत उघडी दिसायला हवी तिथे बिजागरीचे झाकण होते. ही व्हिडिओ-८, म्हणजे हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यातली कॅसेट. १९८० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या या कॅसेटची जाडी १५ मिलिमीटर असते, म्हणून ती टेपरेकॉर्डरमध्ये शिरत नाही. कॅसेट खराब नव्हती, ती दुसऱ्याच यंत्राची होती. तिच्यात गाणी नसून कोणाचे तरी चालतेबोलते चित्रण असणार.

९/
येथवर वस्तूंची नावे कळली. ठेवायचे काय, हा प्रश्न मात्र तसाच होता. बाजारात विकलेल्या चित्रपटगीतांच्या प्रती इतरत्रही सापडतील. घरी ध्वनिमुद्रित केलेली फीत मात्र एकुलती एक असते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या सगळ्या कॅसेटवर चित्रपटगीतांचीच छापील नावे होती, म्हणून भावाने त्या आधीच भंगाराच्या ढिगात गणल्या होत्या. पण त्या फीत खाली करून उभ्या होत्या, त्यामुळे फोटोत त्यांची वरची कड दिसत होती. कॅसेटची खरी साक्ष त्याच कडेवर असते.

१०/
कोऱ्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात, प्रत्येक बाजूसाठी एक. तुकडा शाबूत असेल तर त्या बाजूवर ध्वनिमुद्रण करता येते. तो मोडला की तिथे खाच उघडी पडते आणि यंत्राचे ध्वनिमुद्रणाचे बटण दाबलेच जात नाही. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटना ही खाच मुळातच उघडी असते, चुकून गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून. पण कोरी कॅसेट घ्यायला पैसे नसले की लोक एक युक्ती करत : खाचेवर चिकटपट्टी लावायची. यंत्राला तुकडा शाबूत असल्याचा भास होतो आणि जुन्या गाण्यावर नवे ध्वनिमुद्रण होते. छापील नाव मात्र तसेच राहते.

११/
रांगेतल्या पहिल्या कॅसेटच्या डाव्या खाचेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. इतर सर्वांच्या खाचा उघड्या. कॅसेटची अ-बाजू आपल्याकडे आणि फीत खाली असेल तर डावीकडची खाच अ-बाजूची असते. ही कॅसेट पहिलीच असल्याने तिचा दर्शनी भागही थोडा दिसत होता, आणि ती अ-बाजूच होती. म्हणजे कोणीतरी मुद्दाम, फक्त एकाच बाजूवर, चित्रपटगीते पुसून काहीतरी भरले होते. चिकटपट्टीवरून आत काय आहे हे कळत नाही, छापील नावावर विश्वास ठेवायचा नाही एवढेच कळते. मी भावाला लिहिले : “पेटीतलं काहीच देऊ नकोस. आणि ती पहिली कॅसेट लगेच वाजवूही नकोस.”

१२/
वाजवू नको म्हणण्याला कारण होते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फितीवर पांढरट बुरशी धरते. तशी कॅसेट वाजवली तर बुरशी यंत्राच्या वाचणाऱ्या भागावर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहावी. ती एकसारखी तपकिरी असेल तर ठीक, पांढरे ठिपके असतील तर थांबावे. फीत जिथे यंत्राला टेकते तिथे एक इवलीशी मऊ गादी असते, ती गळून पडलेली नाही ना हेही पाहावे. आमची फीत स्वच्छ होती. भावाने ती दोन्ही दिशांना एकदा पूर्ण गुंडाळून घेतली आणि मग वाजवताना फोनवर ध्वनिमुद्रित केली.

१३/
आत दंडार होती. साकोलीच्या बाजूला पीक निघाल्यावर मंडईच्या दिवसांत रात्रभर दंडारी रंगत, तशीच एक. ढोलकीमागे लोकांची कुजबुज, आणि मध्येच एक खडा आवाज. आजीने तो पहिल्याच ओळीला ओळखला. आजोबांना जाऊन आता एकवीस वर्षे झाली, आणि त्यांचा आवाज कुठे जपलेला असेल असे घरात कोणालाही वाटले नव्हते. अकरा मिनिटांनी यंत्र बंद केल्याचा खट्ट आवाज येतो आणि तिथून पुढे जुने चित्रपटगीत अर्ध्या कडव्यातून सुरू होते, कारण तेवढाच भाग पुसला गेला होता.

१४/
तेव्हा घरात अशी पेटी निघाली तर फोटो दोन काढावेत. एक अगदी वरून, सगळ्या वस्तू एका पातळीवर ठेवून, म्हणजे मापे घेता येतील. दुसरा कॅसेटच्या वरच्या कडांचा, जवळून. पहिल्या फोटोवरून वस्तू कोणत्या यंत्राची ते कळेल आणि दुसऱ्यावरून छापील नाव खरे मानायचे की नाही ते. आमची व्हिडिओ-८ अजून तशीच आहे, चालू स्थितीतला कॅमेरा मिळायचा आहे. आजीच्या मते तिच्यात बारशाचे चित्रण असावे. कोणाच्या, ते तिला आठवत नाही.