दशांशचिन्ह कोणी सांभाळायचं?

१९४६ साली प्रिन्स्टनमध्ये आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी नव्या गणकयंत्राचा आराखडा लिहून काढला. त्यात एक प्रश्न होता: संख्येतलं दशांशचिन्ह कुठे आहे, याची नोंद यंत्राने ठेवायची की गणित मांडणाऱ्या माणसाने? कोनराड झूसच्या झेड३ यंत्राने १९४१ मध्येच ते काम यंत्राकडे दिलं होतं. प्रिन्स्टनच्या तिघांना मात्र ते पटलं नाही. चिन्हाची जागा साठवायला लागणारे बिट अचूकतेतून वजा होतात, सर्किट अवघड होतं, आणि प्रमाण ठरवायला गणितज्ञाला फारसा वेळ लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मोठ्या यंत्रांच्या जगात ते हरले. १९५४ च्या आयबीएम ७०४ मध्ये फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअरमध्येच आलं आणि वैज्ञानिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण जिथे जागा, वीज आणि वजन यांचा हिशेब होता, तिथे जुनीच रीत चालू राहिली. चंद्रावर उतरणाऱ्या अपोलोच्या संगणकात फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर नव्हतं. कोणती राशी दोनाच्या कितव्या घाताने भागून ठेवली आहे, हे प्रोग्रॅमर कोडशेजारच्या टिपणात लिहीत. यंत्राला त्याचा पत्ताच नसे.

आज अर्ड्युइनो ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपवर तीच परिस्थिती आहे. आठ बिटांची चिप, २ किलोबाइट रॅम, फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर शून्य. `float` लिहिलं की कंपायलर मुकाट्याने लायब्ररी जोडतो आणि प्रत्येक गुणाकार-भागाकार त्या लायब्ररीतल्या फंक्शनकडून करून घेतो. प्रोग्रॅम चालतो, पण हळू, आणि फ्लॅश मेमरीही खातो.

एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर घेऊ. दर अंश सेल्सिअसला तो १० मिलिव्होल्ट देतो. चिपचा एडीसी १० बिटांचा, म्हणजे व्होल्टेजच्या १०२४ पायऱ्या. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडला, तर पूर्ण पट्टा ११० अंशांचा होतो. आता आपण ठरवायचं की तापमान अंशांत नाही, अंशाच्या शंभराव्या भागात ठेवायचं; पैशांत हिशेब ठेवून रुपये फक्त पावतीवर लिहावेत, तसं. ११० अंश म्हणजे ११०००. सूत्र झालं: आकडा × ११००० ÷ १०२४. एडीसीने २५६ दिले, तर उत्तर २७५०, म्हणजे २७.५० अंश.

```c
uint16_t shatansh(uint16_t n)
{
    return ((uint32_t)n * 11000 + 512) >> 10;
}
```

१०२४ हा दोनाचा दहावा घात आहे, म्हणून भागाकाराऐवजी दहा बिट उजवीकडे सरकवले. आधी मिळवलेले ५१२ हे भाजकाचे निम्मे. त्यामुळे उत्तर नुसतं कापलं न जाता जवळच्या पूर्णांकाला जातं. २५७ वर खरं उत्तर २७६०.७४ येतं. ५१२ नसतील तर २७६० मिळतात, असतील तर २७६१.

इथे नवशिक्यांची फसगत तीन ठिकाणी होते. पहिली `uint32_t` गाळल्यावर. या चिपवर `int` १६ बिटांचा, कमाल ३२७६७. सगळीकडे साधा `int` वापरला तर एडीसीचा आकडा ३ झाला की गुणाकार ३३००० होतो आणि मर्यादा ओलांडतो. तापमान मधेच उणे दिसायला लागलं, तर सेन्सरवर संशय घेण्याआधी इथे पाहावं. दुसरी, भागाकार आधी केल्यावर: ११००० ÷ १०२४ पूर्णांकात १० उरतात, आणि २७.५० च्या जागी २५.६० दिसतात. ही चूक जास्त वाईट, कारण २५.६० खरं वाटतं. तिसरी, `t` मध्ये आलेलं उत्तर छापताना:

```c
printf("%u.%02u", t / 100, t % 100);
```

`%02u` ऐवजी `%u` लिहिलं, की २७०५ चं २७.५ होतं. फ्लोट छापण्याचा मोहही इथे फळत नाही: एव्हीआरच्या नेहमीच्या `printf` मध्ये `%f` ची सोयच जोडलेली नसते, आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं.

फ्लोटने २७.६०७४२२ दिलं, तरी भुलू नये. एडीसीची एक पायरीच साधारण ०.११ अंशाची आहे; पुढचे आकडे सेन्सरने मोजलेलेच नाहीत. शिवाय तो १.१ व्होल्टचा संदर्भ चिपगणिक १.० ते १.२ व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतो. आपल्या चिपचा हा संदर्भ मीटरने मोजावा, १.०८ निघाला तर ११००० च्या जागी १०८०० लिहावेत. अचूकता खरी वाढते ती या एका बदलाने.

अर्थात हट्ट नको. थर्मिस्टरसारख्या सेन्सरला लॉगॅरिदम लागतो. तिथे कोष्टक करावं, नाहीतर वेग नको असेल तर सरळ फ्लोट वापरावा. आणि चिपमध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअर असेल, जसं कॉर्टेक्स-एम४एफ मध्ये असतं, तर ही सगळी खटपट बहुतेक वेळा अनाठायी आहे.