बोलोन्याचा निवाडा

उत्तर इटलीतील बोलोन्या हे नगर कायद्याच्या इतिहासात जुन्या मानाचे आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत रोमन कायद्याच्या विसरलेल्या पोथ्या येथे पुन्हा उघडल्या गेल्या आणि त्यांच्या समासांत टीपा लिहिणाऱ्या पंडितांची परंपरा येथेच उभी राहिली. या नगरातील रस्त्यांच्या दुतर्फा कमानींची छतदार पडवी आहे. पावसात डोके न भिजवता माणूस मैलोन्मैल चालू शकतो. परंतु आजच्या आपल्या कथेतील माणसे पडवीखालून चालणारी नव्हेत. ती पाठीवर चौकोनी पेटी बांधून, सायकलीवर वा स्कूटरवर बसून, उघड्या रस्त्याने जाणारी आहेत. 2017 च्या नोव्हेंबरात या नगरात बर्फ पडले. घसरड्या रस्त्यांवरून जेवण पोहोचवणे जिवावरचे होते, पण ॲपवरील ऑर्डरी थांबल्या नाहीत. तेव्हा या मुलांनी काम बंद ठेवले आणि आपली संघटना बांधली. पुढल्या वर्षी 31 मे रोजी नगरपालिका, ही संघटना, जुने कामगार संघ आणि दोन स्थानिक कंपन्या यांनी एका सनदेवर सह्या केल्या. मोठ्या परदेशी कंपन्यांनी मात्र त्या दिवशी लेखणी उचलली नाही.

त्या मोठ्या कंपन्यांपैकी डिलिव्हरू ही एक होती. तिच्याविरुद्ध इटलीतील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाच्या तीन स्थानिक शाखांनी बोलोन्याच्या न्यायालयात अर्ज केला आणि 31 डिसेंबर 2020 रोजी न्यायाधीश कियारा झोम्पी यांनी त्यावर आदेश दिला. या आदेशाचा गाजावाजा 'यंत्राला शिक्षा' असा झाला. आमच्या मते तो तसा वाचणे म्हणजे त्यातील मुख्य गोष्ट हातची घालवणे होय. ती का, हे समजण्यासाठी प्रथम त्या यंत्राची रीत थोडी सविस्तर पाहिली पाहिजे.

ही मुले कंपनीची नोकर नव्हती, निदान कागदोपत्री तरी नव्हती. त्यांना पगार नव्हता. पोहोचवलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे पैसे मिळत. अर्थात् काम मिळवायचे तर आधी पाळी मिळवायला हवी. आठवड्यात कोणत्या भागात, कोणत्या तासांना आपण रस्त्यावर राहू, हे ॲपवर आगाऊ नोंदवावे लागे. ही नोंदणी दर सोमवारी उघडे. परंतु ती सर्वांना एकाच वेळी उघडत नसे. ज्यांचे गुण उत्तम त्यांना सकाळी 11 वाजता, त्यांच्या खालच्यांना दुपारी 3 वाजता आणि उरलेल्यांना सायंकाळी 5 वाजता. रेल्वेच्या तिकिटखिडकीशी तीन रांगा लावाव्यात आणि पहिली रांग पुरी संपल्याशिवाय दुसरीस उभे राहू देऊ नये, असा हा प्रकार. सायंकाळी पाचला जो येई त्याला चांगल्या पाळ्या बहुतेक भरलेल्या दिसत.

मग हे गुण कसे ठरत? त्यासाठी अल्गोरिदम होता, म्हणजे पायरीपायरीने आखून दिलेला हिशेबाचा नियम. तो दोन गोष्टी पाही. पहिली विश्वासार्हता. नोंदवलेल्या पाळीस माणूस आला की नाही, एवढाच तिचा अर्थ. पाळी सोडायची असेल तर चोवीस तास आधी सोडावी. आणि पाळी सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत, नेमून दिलेल्या भागात उभे राहून ॲपमध्ये हजेरी लावावी. न लावल्यास गुण उतरत. दुसरी गोष्ट गर्दीच्या वेळचा सहभाग. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या दिवशी रात्री 8 ते 10 या तासांत तुम्ही किती वेळा हजर होता, त्याची ही मोजदाद.

(वृत्तपत्रांनी त्या दिवसांत या यंत्राला 'फ्रँक' म्हटले. वस्तुतः ते नाव कोणती ऑर्डर कोणाकडे द्यावी हे ठरवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेचे. खटला होता तो सोमवारच्या या रांगांबद्दल.)

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मुलाला सकाळची, म्हणजे अकराची रांग आहे आणि त्याने शनिवारची रात्री 8 ते 10 ही पाळी नोंदवली आहे. शनिवारी दुपारी संघटनेने ठरवले की, आज रात्री संप. चोवीस तासांची मुदत तर शुक्रवारी रात्रीच टळून गेली. तो संपात उतरला, हजेरी लावली नाही. विश्वासार्हतेचे गुण उतरले. पाळी गर्दीच्या वेळची, म्हणून सहभागाचा आकडाही वाढायचा राहिला. येत्या सोमवारी ॲप त्याला अकराऐवजी तीनला, कदाचित पाचला उघडले. तोवर शुक्रवार ते रविवारच्या रात्रीच्या पाळ्या इतरांनी घेतल्या. मग या आठवड्यात त्याच्या सहभागाचे गुण कशातून यायचे? त्या पाळ्याच त्याच्या हाती नाहीत. एका रात्रीचा संप असा पुढील सोमवारीही वसूल होतो आणि त्याच्या पुढच्याही. कोणी त्याला दंड केला नाही, कोणी शब्दाने बोलले नाही, खुलासा मागितला नाही. केवळ खिडकी उशिरा उघडली.

संपकऱ्याच्या जागी तापाने फणफणलेला मुलगा धरा, किंवा लहान मुलाच्या आजारपणात घरी थांबलेला बाप धरा; हिशेब तोच. यंत्राला 'आला नाही' एवढे कळते, 'का आला नाही' हे कळत नाही.

कंपनीचा बचाव नेमका येथेच होता. यंत्र जर कारणच पाहत नाही, तर ते पक्षपात करील कसे? संपकरी, आजारी, आळशी सर्वांस एकच माप, यापरते समान वागवणे कोणते? ऐकणाऱ्यास हे पटण्याजोगे वाटते, कारण न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते हे आपण लहानपणापासून चित्रांत पाहत आलो आहो.

न्यायाधीशांनी या बचावाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. युरोपातील समतेच्या कायद्यात अप्रत्यक्ष भेदभावाची कल्पना आहे. दिसायला सर्वांना सारखाच असलेला नियम जर एका संरक्षित गटावर विशेष भार टाकीत असेल, तर मनात द्वेष नसतानाही तो भेदभाव ठरतो. संघटनेशी असलेली निष्ठा ही 'वैयक्तिक मते' या संरक्षित सदरात येते, असे न्यायालयाने धरले. आणि माणूस स्वतंत्र कारागीर असला तरी हे संरक्षण त्याला लागू आहे असे म्हटले. येथवर कायद्याचे काम झाले. परंतु निर्णायक ठरली ती पुराव्यातील एक लहानशी बाब. दोन प्रसंगी ते यंत्र कारण पाहत होते. रायडरला पाळीत अपघात झाला आणि त्यामुळे पुढील पाळी चुकली, तर गुण उतरत नसत. ॲपच नादुरुस्त झाले तरी उतरत नसत. म्हणजे यंत्र आंधळे नव्हते. वाटेल तेव्हा पट्टी सोडता येत होती, आणि संप व आजार यांच्या वेळी ती सोडली नाही हा कंपनीने जाणूनबुजून केलेला निर्णय होता, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय. आम्हांला वाटते, या आदेशाचे मर्म हेच. ऐकून न घेणे हा यंत्राचा स्वभाव नव्हे, तो मालकाचा निर्णय आहे.

आणखी एक गोष्ट कंपनीला नडली. भेदभावाचा सकृद्दर्शनी पुरावा समोर आला की तो खोडण्याचा भार प्रतिवादीवर येतो. हिशेबाची आतली रीत नेमकी काय, हे कंपनीने न्यायालयापुढे सिद्ध करून दाखवले नाही. वही मालकाच्या कुलपात, आणि मालक ती उघडीना. तेव्हा बाहेरच्यांनी सांगितले तेच खरे धरणे प्राप्त झाले.

तथापि या विजयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिन्ही संघांना मिळून 50,000 युरो भरपाई मिळाली. ज्या मुलांच्या पाळ्या गेल्या त्यांच्या हाती त्यातून थेट काही पडले नाही. आणि ती रांगांची पद्धत कंपनीने निकालापूर्वीच, नोव्हेंबर 2020 मध्ये, बंद केली होती.

येथे कोणी म्हणेल की, यंत्रापेक्षा जुना मुकादम बरा. निदान त्याच्यापुढे गाऱ्हाणे तरी मांडता येई. इटलीलाच याचे उत्तर ठाऊक आहे. तेथे शेतमजुरांच्या मुकादमास 'कापोराले' म्हणतात आणि त्याच्या जुलमास आळा घालणारा कायदा 2016 साली अधिक कडक करावा लागला. 2020 च्या मे महिन्यात मिलानच्या न्यायालयाने उबर ईट्सची इटलीतील कंपनी देखरेखीखाली ठेवली, ती याच मुकादमीच्या आरोपावरून. तेथे मधले दलाल रायडरना अंतर कितीही असो, फेरीमागे तीन युरो देत आणि त्यातूनही कापून घेत. तेथे माणूस होता, त्याला कानही होते. कान असूनही उपयोग नव्हता, कारण त्याला कारण देण्याचे बंधन नव्हते व त्याच्यावर दाद नव्हती.

बंधन घालण्याचा प्रयत्न पुढे दुसऱ्या दाराने झाला. युरोपचा माहितीसंरक्षणाचा कायदा 25 मे 2018 पासून लागू आहे. केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयात माणसाने लक्ष घालावे, आपली बाजू मांडता यावी, निर्णयास हरकत घेता यावी, असे हक्क त्यात आहेत. ग्लोव्हो ॲपची इटलीतील कंपनी फूदिन्यो हिने ते हक्क बजावण्याची सोयच केली नाही, असे इटलीच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणास आढळले आणि 2021 साली तिला 26 लाख युरो दंड झाला. गिऱ्हाईक व दुकानदार यांनी दिलेल्या पसंती-नापसंतीचा गैरवापर होऊ नये अशी तजवीज करण्याचाही हुकूम झाला.

दंड भरून घेतला म्हणजे रीत पालटते असे नाही. 2022 च्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्स येथे या कंपनीचे काम करताना एक 26 वर्षांचा तरुण अपघातात दगावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावे आपोआप निरोप आला की, अटी न पाळल्यामुळे तुमचे खाते बंद करण्यात येत आहे. त्या घटनेनंतर प्राधिकरणाने पुन्हा चौकशी उघडली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 50 लाख युरोंचा दुसरा दंड झाला.

त्याच 2024 सालच्या 23 ऑक्टोबरला युरोपीय संघाने ॲपवरच्या कामाविषयी निर्देश मंजूर केला आणि सदस्यराष्ट्रांना आपापले कायदे करण्यास 2 डिसेंबर 2026 ही मुदत दिली. खाते थांबवण्याचा किंवा बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा, लेखी कारण द्यावे, आणि कामगाराने फेरविचार मागितल्यास दोन आठवड्यांच्या आत सकारण उत्तर द्यावे, असे त्यात आहे. बोलोन्याच्या जुन्या रांगांच्या हिशेबाने, दोन आठवड्यांत दोन सोमवार येतात.